अडतीस पानांची करारदुरुस्ती आणि अशिलाला पाठवायचा अर्ध्या पानाचा सारांश

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतला लघुउद्योजक एखाद्या मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवत असतो. वर्षा-दोन वर्षांनी त्या कंपनीकडून ‘करारदुरुस्ती क्रमांक अमुक’ येते आणि सोबत निरोप असतो: पंधरा दिवसांत पोर्टलवर मान्यता द्या. मसुदा इंग्रजीत, तीस-चाळीस पानांचा. उद्योजक तो आपल्या वकिलाला नाहीतर सल्लागाराला पाठवतो आणि विचारतो, “सही करू का?” याचं उत्तर देणारा ईमेल आणि त्याला जोडायचं अर्धं पान कसं तयार करायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा घाईत उरकलं जातं. मग अशील सारांश वाचूनही तोच प्रश्न पुन्हा फोनवर विचारतो.

उदाहरण असं घेऊ. हिंगण्यातला एक कारखाना पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. महिन्याला जीएसटी धरून २० लाखांची बिलं एकाच कंपनीकडे जातात. मूळ करार २०२१ चा, पहिली दुरुस्ती २०२३ ची आणि आता ३८ पानांची दुसरी दुरुस्ती. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण अशा मसुद्यांची घडण साधारण हीच असते.

आधी कागद जुळवा

दुरुस्तीचा मसुदा एकटा वाचून काही कळत नाही. “कलम ५.२ च्या जागी पुढील मजकूर वाचावा” एवढंच त्यात लिहिलेलं असतं, आणि ५.२ मध्ये आधी काय होतं ते दुसऱ्याच फाइलमध्ये असतं. म्हणून मूळ करार, पहिली दुरुस्ती आणि नवा मसुदा हे तिन्ही समोर हवेत. पहिली दुरुस्ती हमखास विसरली जाते. आपल्या उदाहरणात मूळ करारात पैसे मिळायची मुदत ३० दिवस होती, २०२३ मध्ये ती ४५ झाली आणि नवा मसुदा ९० म्हणतो. पहिली दुरुस्ती पाहिली नाही तर सारांशात ‘३० चे ९० झाले’ असं जाईल. अशील तेच घेऊन कंपनीच्या खरेदी विभागाशी भांडायला जाईल आणि पहिल्याच वाक्यात खोटा पडेल.

मसुदा नेमका कोणता, हेही टिपून ठेवा: कोणत्या तारखेला, कोणाच्या ईमेलने आला, किती पानांचा होता. पुढे मसुदे बदलतात आणि फाइलचं नाव तेच राहतं.

वाचताना कुठे थांबायचं

सरळ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा वाचायचंच, त्याला पळवाट नाही. मात्र दुसऱ्या वाचनात तीन जागी थांबा. पहिली जागा व्याख्यांची. दुरुस्ती करणारा हुशार असेल तर तो पैशाच्या कलमाला फारसा हात लावत नाही, त्या कलमातल्या एखाद्या शब्दाची व्याख्या बदलतो. आपल्या मसुद्यात हेच झालं आहे. पैशाच्या कलमात ४५ च्या जागी ९० आले, ते कोणालाही दिसतं. पण मुदत आधी माल गेटवर उतरल्याच्या तारखेपासून मोजली जायची, ती आता ‘स्वीकृती’च्या तारखेपासून मोजायची आहे. आणि स्वीकृती म्हणजे कंपनीच्या गुणवत्ता विभागाने लेखी प्रमाणपत्र दिल्याची तारीख, असं कलम १.४ मध्ये येतं. ते प्रमाणपत्र किती दिवसांत द्यायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे ९० दिवसांचं मोजमाप कधी सुरू होणार, हे सर्वस्वी कंपनीच्या हातात. ९० चा आकडा बोचतो खरा, पण जास्त धोका या न दिसणाऱ्या बदलात आहे.

दुसरी जागा परिशिष्टांची. दर, दंडाचा तक्ता, भाववाढीचं सूत्र हे सगळं मागच्या पानांत असतं, आणि तिथे पोचेपर्यंत वाचणारा थकलेला असतो. शक्य असेल तर परिशिष्टं दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा. तिसरी जागा शेवटच्या कलमांची: दुरुस्ती कधीपासून लागू, मूळ करार आणि दुरुस्ती यांत विसंगती आली तर कोणतं वरचढ, आणि मान्यता कशी दिली असं धरलं जाईल. आपल्या मसुद्यात लागू होण्याची तारीख मागची, १ एप्रिलची आहे. आधीच पाठवलेल्या बिलांनाही नव्या अटी लागतील, असा याचा सरळ अर्थ.

वाचताना एक साधा तक्ता करत जा: कलम, आधी काय, आता काय, फरक कोणाच्या बाजूचा. आपल्या मसुद्यात अशा २५-३० ओळी सहज निघतील. हा तक्ता तुमच्यासाठी आहे, अशिलाला पाठवायचा नाही. अर्धं पान याच्यातून निघतं, आणि पुढे अशिलाने काही विचारलं तर उत्तरही याच्यातूनच देता येतं.

अर्ध्या पानात कोणाला जागा द्यायची

ए-फोरच्या अर्ध्या पानात बारा पॉइंटच्या अक्षरात दीडशे ते दोनशे शब्द बसतात. तेवढ्यात पाच बदल नीट सांगता येतात. आठ सांगायला गेलं की एकही लक्षात राहत नाही. अक्षर लहान करून जागा काढू नका. हा कागद कारखान्याच्या ऑफिसात फोनच्या पडद्यावर वाचला जाणार आहे.

निवडताना मी प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारते. यामुळे अशिलाच्या हाती येणारा पैसा कमी होतो का किंवा उशिरा येतो का? त्याला काही नवं करावं लागणार आहे का, जे चुकलं तर भुर्दंड बसेल? करारातून बाहेर पडणं अवघड होतं का? वाद झाला तर भांडण्याची जागा किंवा पद्धत बदलते का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर तो बदल शेवटच्या ‘बाकी’च्या ओळीत जातो. गोपनीयतेचं कलम दोन पानांवरून पाच पानांचं झालं तरी ब्रॅकेट बनवणाऱ्याच्या रोजच्या कामात त्याने काही हलत नसेल, तर त्याला एक शब्द पुरे. कलम किती लांब आहे यावरून त्याचं वजन ठरवू नका. स्वीकृतीची व्याख्या दीड ओळीची आहे आणि आपल्या सारांशात तिला स्वतंत्र मुद्दा मिळतो.

कलमाचा रुपयांत हिशोब

‘दंडाचं प्रमाण वाढवलं आहे’ या वाक्याने अशिलाला काहीच कळत नाही. त्याला रुपये कळतात, दिवस कळतात. म्हणून लिहायला बसण्याआधी त्याला एक फोन करा आणि तीन आकडे विचारा: महिन्याची बिलं साधारण किती, एक पीओ सरासरी किती रुपयांची, आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज किती टक्के.

समजा उत्तर आलं: २० लाख, १२ लाख आणि ११ टक्के. मुदत ४५ वरून ९० दिवस झाली, म्हणजे दीड महिन्याची बिलं जास्तीची अडकणार, ३० लाख रुपये. तेवढी रक्कम वर्षभर कॅश क्रेडिटमधून वापरली तर व्याज होतं ३ लाख ३० हजार. स्वीकृतीचं प्रमाणपत्र यायला पंधरा दिवस लागले तर आणखी १० लाख अडकले. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला बिलावरचा जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत.

आता दंड. जुना नियम: उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला अर्धा टक्का. नवा नियम: पूर्ण पीओच्या किमतीवर दर आठवड्याला एक टक्का. वाचताना ‘दंड दुप्पट झाला’ असं वाटतं. १२ लाखांच्या पीओतला २ लाखांचा माल तीन आठवडे उशिरा गेला असं धरा. जुन्या नियमाने ३ हजार रुपये, नव्या नियमाने ३६ हजार. दंड बारापट झाला, कारण टक्केवारीबरोबर ती कशावर लावायची हेही बदललं. असा हिशोब मांडूनच पाहावा लागतो, नुसत्या वाचनात तो हाती लागत नाही. आकडे अशिलाचे असावेत आणि कोणत्या गृहीतावर काढले ते कागदावर दिसावं.

प्रत्यक्ष अर्धं पान

हे सगळं झाल्यावर कागद असा दिसतो:

> करारदुरुस्ती क्र. २ : काय बदलतं
> आधार: ४ जुलैला ईमेलने आलेला ३८ पानी मसुदा. ‘आधी’ म्हणजे दुरुस्ती क्र. १ नंतरची स्थिती.
>
> १. पैशाची मुदत (कलम ५.२). आधी: माल गेटवर उतरल्यापासून ४५ दिवस. आता: स्वीकृतीपासून ९० दिवस. महिना २० लाखांच्या बिलांवर सुमारे ३० लाख रुपये जास्त अडकतील.
>
> २. स्वीकृती (कलम १.४). आधी: ७ दिवसांत माल नाकारला नाही तर स्वीकारला असं धरत. आता: लेखी प्रमाणपत्र मिळाल्यावरच. ते देण्याला मुदत नाही.
>
> ३. उशिराचा दंड (परिशिष्ट ब). आधी: उशीर झालेल्या मालावर आठवड्याला ०.५ टक्के. आता: पूर्ण पीओवर १ टक्का. १२ लाखांच्या पीओतला २ लाखांचा माल ३ आठवडे उशिरा गेल्यास ३,००० ऐवजी ३६,००० रुपये.
>
> ४. स्टीलचा भाव (परिशिष्ट क). आधी: ३ टक्क्यांहून जास्त फरक पडल्यास दर बदलत. आता: ७ टक्क्यांहून जास्त फरक पडल्यासच.
>
> ५. वाद (कलम १९). लवादाचं स्थान आधी नागपूर, आता चेन्नई.
>
> लागू: १ एप्रिलपासून, जुन्या बिलांसह (कलम २०). मान्यता: पोर्टलवर ‘मान्य’ दाबलं की सही धरली जाईल (कलम २१). उत्तराची शेवटची तारीख: १८ जुलै.
> बाकी: गोपनीयता, विमा, ऑडिट आणि पत्ते यांत बदल आहेत, पैशावर किंवा कामावर परिणाम नाही.

प्रत्येक मुद्द्यापुढे कलम क्रमांक आहे, म्हणजे शंका आली तर मूळ मजकुरापर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागतो. ‘आधी–आता’ हा क्रम कुठेही उलटत नाही. आणि ‘अन्यायकारक’, ‘धोकादायक’, ‘सही करू नका’ असे शब्द इथे कुठेच नाहीत. ते मुद्दाम टाळले आहेत.

मत ईमेलमध्ये, वस्तुस्थिती जोडपत्रात

अशील जोडलेला कागद पुढे पाठवतोच: भागीदाराला, सीएंना, बँकेच्या मॅनेजरला, आणि कधीकधी भरात थेट कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यालाही. त्या कागदावर ‘पहिला मुद्दा सोडायचा नाही, पाचव्यावर तडजोड चालेल’ असं लिहिलेलं असेल तर वाटाघाट सुरू होण्याआधीच आपले पत्ते समोरच्याच्या हातात गेले. वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला कायद्याचं संरक्षण आहे, पण अशिलानेच तो समोरच्या पक्षाला पाठवला तर त्या संरक्षणाचा उपयोग राहत नाही. म्हणून जोडपत्र कोणीही वाचलं तरी चालेल असं ठेवायचं, आणि सल्ला ईमेलच्या मजकुरात लिहायचा.

ईमेल असा:

> विषय: करारदुरुस्ती क्र. २ : तुमचा निर्णय १४ जुलैपर्यंत हवा, तोवर पोर्टलवर ‘मान्य’ दाबू नका
>
> नमस्कार भाऊ,
>
> मसुदा आहे तसा मान्य करू नये, असं माझं मत आहे. तीन बदल मिळाले तर मान्य करायला हरकत नाही. कंपनीला १८ जुलैपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमचा निर्णय १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे पत्र तयार करायला वेळ मिळेल.
>
> सोबत अर्ध्या पानाचा सारांश आणि पूर्ण मसुदा जोडला आहे. सारांश भागीदारांना आणि सीएंना दाखवायला हरकत नाही. हा ईमेल मात्र पुढे पाठवू नका, यात आपण काय मागणार ते लिहिलं आहे.
>
> पहिली मागणी: मुदत ४५ दिवसच राहावी आणि ७ दिवसांत माल नाकारला नाही तर स्वीकारला असं धरावं. तुमची उद्यम नोंदणी लघु उद्योगाची असल्याने २००६ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांहून जास्त मुदत करारातसुद्धा ठेवता येत नाही. दुसरी: दंड फक्त उशीर झालेल्या मालावर. तिसरी: दुरुस्ती सहीच्या तारखेपासून लागू.
>
> चेन्नईच्या मुद्द्यावर मी अडून बसणार नाही. कारण फोनवर सांगते. स्टीलच्या भावाचं मात्र तुम्हीच सांगा: ७ टक्क्यांपर्यंतची वाढ तुमच्या दरात सोसेल का?
>
> मान्यता देण्याआधी कलम १, ५ आणि परिशिष्ट ‘ब’ स्वतः वाचा. मिळून चार पानं आहेत, मसुद्यात पिवळी खूण केली आहे. सारांश त्यांच्या जागी धरू नका.

विषयाच्या ओळीत ‘सारांश जोडला आहे’ असं लिहिण्याचा मोह टाळा. अशिलाने ईमेल उघडलाच नाही तरी पोर्टलवरचं बटण दाबायचं नाही, एवढं त्याला कळायला हवं. पहिल्या परिच्छेदात त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आणि तारीख. आणि निदान एक प्रश्न असा ठेवा, ज्याचं उत्तर फक्त तोच देऊ शकतो. स्टीलचा भाव हा धंद्याचा निर्णय आहे, तो वकिलाने घेऊ नये.

४५ दिवसांचा मुद्दा लिहिताना

हा मुद्दा अर्धवट सांगितला तर अशील भलत्याच भरवशावर राहतो, म्हणून थोडं थांबून सांगते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ प्रमाणे खरेदीदाराने पुरवठादाराला लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे असतात, आणि ती तारीख स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे असू शकत नाही. माल दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल दिल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. उशीर झाला तर कलम १६ खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी या तरतुदी वरचढ ठरतात.

पण हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमांना नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीला २५ कोटी आणि उलाढालीला १०० कोटी आहे. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली मागच्या बिलांना उपयोगी पडेल असं धरू नका. म्हणून ईमेलमध्ये हे वाक्य लिहिण्याआधी अशिलाकडून नोंदणीचं प्रमाणपत्र मागवा आणि त्यावरचा वर्ग आणि तारीख बघा.

चेन्नईवर अडून न बसण्याचं कारणही याच कायद्यात आहे. थकलेल्या बिलांसाठी पुरवठादार आपल्या भागातल्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाऊ शकतो, खरेदीदार भारतात कुठेही असो. करारात वेगळा लवाद ठरलेला असला तरी हा मार्ग बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही मालाच्या दर्जाचा किंवा दंडाचा वाद कंपनीने काढला तर चेन्नईचे फेरे पडू शकतात, हे फोनवर सांगायलाच हवं. तसंच हेही सांगायचं: वर्षाला सुमारे अडीच कोटींचं काम देणाऱ्या कंपनीविरुद्ध परिषदेत जाणं कायद्याने सोपं आणि धंद्यात अवघड असतं. म्हणून ४५ दिवसांची मागणी आत्ता, मान्यता देण्याआधी करायची. कायदा पाठीशी आहे म्हणून ९० वर सही करून मोकळं व्हायचं नाही.

पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

सारांशातला प्रत्येक आकडा आणि कलम क्रमांक मसुद्याशी पुन्हा ताडून पाहा, शक्यतो दुसऱ्या कोणाकडून. एकाने सारांश मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मसुद्यात बोट ठेवायचं. दहा मिनिटांचं काम आहे. मग तुमच्या तक्त्यातल्या, सारांशात न घेतलेल्या ओळींवरून नजर फिरवा आणि ‘बाकी’च्या ओळीत लिहिलेलं त्यांतल्या प्रत्येकीबाबत खरं आहे का ते बघा. विम्याच्या कलमात विम्याची किमान रक्कम वाढलेली असेल तर ‘पैशावर परिणाम नाही’ हे वाक्य खोटं ठरतं.

सारांश पीडीएफ करूनच जोडा, नाहीतर फोनवर मराठी अक्षरं तुटतात. फाइलच्या नावात मसुद्याची तारीख असू द्या, जसं `Durusti-2_Saransh_masuda-4-July.pdf`. मसुदाही सोबत जोडा, ‘तुमच्याकडे आहेच’ यावर विसंबू नका.

अशिलाचं “ठीक आहे” एवढंच उत्तर आलं तर त्याने वाचलं असं धरू नका. स्टीलच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसेल तर तो ईमेल विषयाच्या ओळीपुढे गेलेला नाही. मग फोन करा, पाच मुद्दे तोंडी सांगा आणि जे ठरलं ते दोन ओळींत त्याच ईमेलखाली लिहून पाठवा.

कंपनीकडून सुधारित मसुदा आला की जुन्या सारांशात परस्पर आकडे बदलू नका. त्याच ईमेलखाली नवं उत्तर लिहा, नव्या तारखेचा सारांश जोडा आणि पहिल्या ओळीत सांगा: “मुद्दा १ मध्ये ९० चे ६० झाले आहेत, मुद्दा ३ आपल्या मागणीप्रमाणे बदलला, बाकी तसेच आहे, ४ जुलैचा सारांश आता वापरू नका.” आणि ‘बाकी तसेच’ लिहिण्याआधी नवा मसुदा व्याख्या आणि परिशिष्टांसकट जुन्याशी पुन्हा ताडून पाहा. कंपनीने बदल रंगवून पाठवले असले तरी न रंगवलेल्या ओळीही तपासा.